कळतंय सगळं, आता बोलूया: परदेशातल्या मुलांच्या मराठी अ‍ॅपची टॅगलाइन कशी शोधावी

प्रश्न: "आम्ही नवरा-बायको म्युनिकला राहतो. परदेशात वाढणाऱ्या ५ ते १० वर्षांच्या मुलांना मराठी शिकवणारं अ‍ॅप तयार केलंय, पण टॅगलाइन काही ठरत नाहीये. तीन काढल्यात: 'मातृभाषेशी नाळ जोडा', 'आता मराठी शिकणे झाले सोपे!' आणि 'खेळता खेळता मराठी शिका'. यातली कोणती घ्यावी? आणि देवनागरीत लिहावी की इंग्रजीत?"

माझं मत विचाराल तर तिन्ही बाजूला ठेवा. मी पुण्यात जाहिरातींचा मजकूर लिहिते, आणि गेली काही वर्षं बहुतेक काम मुलांच्या वस्तूंचं असतं: पुस्तकं, खेळणी, शिकण्याची अ‍ॅप्स. या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मराठी शिकवणाऱ्या कुठल्याही गोष्टीची ओळ लिहायला बसलं, की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भाषा येते आणि मूल नजरेआड होतं. तुमच्या तिन्ही ओळींचं तसं झालंय. त्या वाचून मराठीबद्दल काहीतरी कळतं, पण म्युनिकमधल्या सात वर्षांच्या मुलाच्या घरात रविवारी सकाळी काय घडतं, ते कळत नाही.

ते मी जवळून पाहिलेलं आहे, म्हणून आधी तेच सांगते. माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे उन्हाळ्यातले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. त्या वेळी आईचा आणि तिचा व्हिडिओ कॉल ठरलेला. आई नातवाला विचारते, "काय रे, काय खाल्लंस सकाळी?" तो लगेच म्हणतो, "पॅनकेक्स!" म्हणजे प्रश्न त्याला पूर्ण समजलेला असतो. आई पुढे विचारते, "कोणी केले? आईनं की बाबानं?" तो म्हणतो, "डॅडी मेड देम." आणि मग मागून माझ्या बहिणीचा आवाज येतो, "मराठीत सांग ना आजीला." तेवढं ऐकलं की पोरगा कॅमेऱ्यासमोरून उठून जातो. दर रविवारी हेच. एकदा मी त्याला विचारलं, की का उठतोस रे. तो म्हणाला, "मावशी, आय नो व्हॉट शी सेज. आय जस्ट काण्ट मेक इट."

त्याला समजण्याचं काहीच शिकायचं नव्हतं. अडलं होतं ते तोंडातून वाक्य काढण्यापाशी. आणि "मराठीत सांग ना" हे सगळ्यात प्रेमानं म्हटलेलं वाक्यच त्याला पळवून लावत होतं. तुमच्या टॅगलाइनची पहिली कसोटी मी हीच लावेन: ती "मराठीत सांग ना"सारखी ऐकू येते का? येत असेल, तर मूल उठून जाणार, आणि आईबापांच्या पोटात नेहमीची कालवाकालव होणार.

आता हे सगळं घराघरावर अवलंबून आहे, ते आधी मान्य करायला हवं. परदेशातलं मराठी मूल असं एकच मूल नसतं. एक घर माझ्या बहिणीसारखं: आईबाबा दोघंही मराठी, आपापसात मराठीत बोलतात, मुलाला समजतं पण ते उत्तर इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये देतं. दुसरं घर असं, जिथे दोघांपैकी एकच मराठी आहे आणि घरात तिसरीच भाषा चालते. तिथे मुलाला "पाणी दे" हेसुद्धा नवं असतं. तिसरं घर त्याहून वेगळं. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांची आजची मुलं घरात क्रिओल बोलतात आणि मराठी शाळेत विषय म्हणून शिकतात. त्यांच्या आजीलाही मराठी बोलायची सवय असेलच असं नाही. या तिन्ही घरांना पुरेल अशी ओळ लिहायला गेलं, की "मराठी शिका" एवढंच उरतं. म्हणून तुमचं अ‍ॅप कुठल्या घरासाठी आहे ते आधी ठरवा. मी पुढचं सगळं पहिलं घर धरून लिहिते, कारण तुमची ५ ते १० वर्षांची मर्यादा आणि म्युनिक हे पाहता तुमचे पहिले ग्राहक बहुधा तिथलेच असतील.

तुमच्या ओळींकडे येते. "खेळता खेळता" आणि "झाले सोपे" यांना मी एकाच चाचणीत बाद करते. ओळीतला "मराठी" काढा आणि तिथे "अबॅकस" घाला. "खेळता खेळता अबॅकस शिका." "आता अबॅकस शिकणे झाले सोपे!" दोन्ही ओळी बिनतक्रार चालतात. अबॅकसच्या क्लासलाही चालणारी ओळ तुमच्या अ‍ॅपबद्दल काहीच सांगत नाही. दुसऱ्या ओळीत आणखी एक अडचण आहे. "शिकणे", "झाले" ही लेखी मराठी झाली. घरात कोणी "शिकणे" म्हणत नाही, "शिकणं" म्हणतात. बोलायला शिकवणाऱ्या अ‍ॅपनं स्वतः छापील बोलू नये. शेवटचा ए की अनुस्वार, एवढाच फरक, पण त्यावरून ओळ सरकारी फलकावरची वाटते की स्वयंपाकघरातली, ते ठरतं.

"मातृभाषेशी नाळ जोडा" ही ओळ मात्र विचार करून बाद करावी लागते, कारण ती मनापासून लिहिलेली आहे. आपण "नाळ जोडलेली आहे" म्हणतो, "नाळ तुटली" म्हणतो. "नाळ जोडा" असं कुणाला सांगितलं, की त्यात ती तुटल्याचा आरोप येतो, आणि वाचणाऱ्या आईला तो आपल्यावरच आहे असं वाटतं. "मातृभाषा" शब्दही इथे नीट बसत नाही. बाबा नागपूरचा आणि आई चेन्नईची असेल, तर त्या मुलाची शब्दशः मातृभाषा तमिळ आहे. आई मराठी असली तरी मुलाला स्वप्नं जर्मनमध्ये पडत असतील. "घरची भाषा" म्हटलं की कुणाचा हक्क जात नाही आणि कुणावर बोटही येत नाही.

अपराधीपणाची ओळ मी स्वतः एकदा लिहिली आहे. एका अ‍ॅपसाठी, नाव सांगत नाही, "मूल मराठी विसरलं, तर चूक कुणाची?" अशी ओळ दिली होती. लोकांनी ती भराभर पुढे पाठवली, चर्चा झाली, मला वाटलं काम झालं. मग एका आईनं कळवलं, "वाचलं, रडू आलं, आणि फोन बाजूला ठेवला." अ‍ॅप तिनं उतरवलंच नव्हतं. दिवसभर काम करून, मुलाचा जर्मन गृहपाठ घेऊन थकलेल्या माणसाला अपराधी वाटलं, तर तो त्या गोष्टीपासून लांबच जातो. तेव्हापासून अस्मिता, संस्कार, वारसा, मुळं हे शब्द मी या कामात वापरत नाही. मंडळाच्या स्मरणिकेत ते शोभतात. रात्री साडेनऊला सोफ्यावर बसून अ‍ॅप निवडणाऱ्या आईसाठी ते जड होतात.

मग ओळ कुठून आणायची? मी ती आईबाबांच्याच तोंडून घेते. दहा-बारा पालकांना फोन करा. "मुलाला मराठी का शिकवायचंय?" असं विचारू नका, कारण त्यावर सगळे भाषण देतात. "मागच्या वेळी आजीला फोन केलात तेव्हा काय झालं?" असं विचारा आणि वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्या. मी हे केलं तेव्हा शब्द थोडे इकडेतिकडे, पण तीच तीन वाक्यं पुन्हा पुन्हा आली. "त्याला सगळं कळतं हो, पण बोलत नाही." "आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते." आणि "भारतात आलो की आठवड्यात बोलायला लागतो, परत गेलो की बंद." यातलं पहिलं तर जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी होतं. आणि बघा, त्याची सुरुवात कौतुकानं होते: सगळं कळतं. आईबाप आधी मुलाची बाजू घेतात आणि मग अडचण सांगतात. ओळीनंही तोच क्रम धरला, तर ती त्यांना आपली वाटेल.

तिथून मी कशी पुढे गेले ते सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या ओळीवर काम करता येईल. पहिला मसुदा होता "समजणाऱ्या मुलांना बोलतं करा". "बोलतं करणं" हा छान मराठी प्रयोग आहे, पण ओळ फक्त पालकाशी बोलते आणि मूल म्हणजे कुणीतरी दुरुस्त करायची वस्तू होतं. दुसरा मसुदा मुलाकडे वळवला: "ऐकतोस ना? मग बोल!" यात दोन चुका. "ऐकतोस" म्हटलं की मुली बाहेर. आणि "मग बोल!" म्हणजे माझ्या बहिणीचं "मराठीत सांग ना"च, फक्त आवाज चढवलेला.

तिसऱ्या मसुद्यावर मी बराच काळ अडकले. "कळतं पण वळत नाही" ही म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. आणि "जीभ वळत नाही" असंही आपण म्हणतो. दोन्ही जोडून "कळतं, आता वळेलही!" अशी ओळ झाली. एका शब्दात म्हणही आली आणि जीभही. ज्या मराठी माणसाला ऐकवली, त्याला आवडली. तरी मी ती सोडली. "कळतं पण वळत नाही" आपण कुणाला म्हणतो? सगळं समजत असून जो वागत नाही, त्याला. त्या म्हणीत ठपका आहे, आणि तो थेट मुलावर बसतो. माझ्या भाच्याची जीभ वळत नव्हती, त्यात त्याचा आळस नव्हता. शिवाय ज्या पालकांचं स्वतःचंच बालपण परदेशात गेलंय, त्यांना ती म्हण माहीत असेलच असं नाही, आणि मग ओळीतून काहीच उरत नाही. मोठ्यांना आवडलेली ओळ सोडताना जीवावर येतं, पण ती ज्याच्याबद्दल आहे त्याला टोचत असेल तर सोडावीच.

शेवटी राहिली ती ओळ: "कळतंय सगळं, आता बोलूया!"

ती का चालते, हे समजून घ्या, कारण यात मराठीच्या व्याकरणाचा मोठा भाग आहे. आपल्या क्रियापदांना लिंग चिकटतं. "मी मराठी बोलतो" लिहिलं की मुलगी गेली, "बोलते" लिहिलं की मुलगा गेला, "बोलतो/बोलते" लिहिलं की ओळ फॉर्मसारखी दिसायला लागते. दुसरी अडचण तू-तुम्हीची. "शिका" म्हटलं की आपण पालकाशी बोलतोय, "शीक" म्हटलं की मुलाशी. विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, त्यामुळे कुणाशी बोलायचं हा पेच प्रत्येक ओळीत येतो. "कळतंय" हे क्रियापद यातून सुटतं. कळतं कुणाला? मला, तुला, त्याला, तिला; रूप तेच राहतं. म्हणून तेच वाक्य मूल स्वतःबद्दल म्हणू शकतं आणि आई मुलाबद्दल म्हणू शकते. "बोलूया" मध्ये तूही नाही आणि तुम्हीही नाही, त्यात "आपण" दडलेला आहे. आपण म्हणजे मूल, आई, बाबा, पलीकडची आजी, आणि ज्या घरात बाबा मराठी नाहीत त्या घरातले बाबासुद्धा. याच कारणासाठी "आमची मराठी" आणि "आपली मराठी" यात मी नेहमी "आपली" घेते. "आमची" म्हटलं की समोरचा बाहेर राहतो.

तुम्हाला दुसरी ओळ हवीच असेल, तर लिंगाच्या पेचातून सुटायचे आणखी दोन रस्ते आहेत. एक भविष्यकाळाचा: "मी सांगेन" मुलगाही म्हणतो आणि मुलगीही. दुसरा सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळाचा: "मी सांगितलं" दोघांचंही सारखंच. त्यातून मी "आजीला मीच सांगितलं!" अशी ओळ काढली होती, आणि ती मला आजही आवडते, कारण त्या "मीच"मध्ये पोराची ऐट आहे. पण ती मुख्य टॅगलाइन करू नका. प्रत्येक घरात फोनच्या पलीकडे आजी असतेच असं नाही. एका बाबांनी मला शांतपणे सांगितलं होतं, की आमच्याकडे आता कोणी राहिलं नाही, ही ओळ आमच्या मुलीला दाखवू नका. ती धड्याच्या शेवटी, मुलानं पहिला निरोप रेकॉर्ड केल्यावर दाखवा, आणि तीही प्रोफाइलमध्ये आजी असेल तरच.

एक अट मात्र कडक आहे. "आता बोलूया" म्हटलं, तर तुमच्या अ‍ॅपमध्ये मुलाला पहिल्या पाच मिनिटांत तोंड उघडावं लागलं पाहिजे. तुमचं अ‍ॅप मुळात चित्रावर टिचकी मारून शब्द ओळखायचं असेल, तर ही ओळ खोटी ठरेल. ज्या मुलाला आधीच कळतं, त्याला पुन्हा कळण्याचेच खेळ दिले, हे पालकांना आठवड्यात लक्षात येईल. अ‍ॅप अक्षरओळखीचं असेल तर सरळ तसं सांगा: "बोटानं गिरवू, वाचायला लागू" ही ओळ त्या कामाची आहे. आणि दुसऱ्या घरासाठी, जिथे मराठी कानावरच पडलेली नाही, "कळतंय सगळं" म्हणणं म्हणजे त्या मुलाला आत येण्याआधीच परकं करणं. तिथे सुरुवात लहान ठेवा, उदाहरणार्थ "रोज एक मराठी वाक्य".

आता तुमचा दुसरा प्रश्न, देवनागरी की इंग्रजी. इथे टॅगलाइन आणि स्टोअरमधली शोधायची ओळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक जण त्या एकत्र करून दोन्ही बिघडवतात. परदेशातले पालक अ‍ॅप शोधताना बहुतेक वेळा रोमन लिपीत `learn marathi` असंच काहीतरी टाइप करतात. अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये नावाला ३० आणि नावाखालच्या उपशीर्षकाला ३० अक्षरांची मर्यादा आहे, आणि शोधात दोन्हीतले शब्द धरले जातात. गूगल प्लेवर नावाला ३० आणि छोट्या वर्णनाला ८० अक्षरं मिळतात. अ‍ॅपलच्या त्या उपशीर्षकात "कळतंय सगळं" घालून जागा खर्चू नका. तिथे रोमन लिपीत साधं, कामाचं लिहा, म्हणजे `Marathi speaking for kids` यासारखं. टॅगलाइन जाईल पहिल्या स्क्रीनशॉटवर, अ‍ॅप उघडताना दिसणाऱ्या पडद्यावर, आणि मंडळाच्या गणपतीत लावायच्या फलकावर. गूगल प्लेच्या ८० अक्षरांत मात्र दोन्ही मावतात.

त्या इंग्रजी ओळीत एक खाच आहे, ती आधीच सांगते. अ‍ॅपलच्या नियमानुसार `For Kids` किंवा `For Children` असे शब्द फक्त किड्स श्रेणीत नोंदवलेल्या अ‍ॅपलाच वापरता येतात. त्या श्रेणीत गेलात की वयोगट निवडावा लागतो: ५ आणि खालचे, ६ ते ८, किंवा ९ ते ११. तुमचे ५ ते १० तिन्हींमध्ये विभागले जातात, त्यामुळे मुख्य गट कोणता ते ठरवावं लागेल. शिवाय बाहेरच्या दुव्यांना आणि खरेदीला पालकांसाठीचं फाटक, म्हणजे फक्त मोठ्या माणसालाच पार करता येईल असा अडथळा, लावावं लागतं, आणि बाहेरच्या जाहिराती व वापराची माहिती गोळा करणाऱ्या सेवांवर कडक बंधनं येतात. हे सगळं जमणार नसेल, तर ते दोन शब्द सोडून `Speak Marathi at home` असं काहीतरी घ्या. नाहीतर टॅगलाइन ठरते, फलक छापले जातात, आणि तपासणीत अ‍ॅप परत येतं.

देवनागरीतली ओळ कुठेही अक्षरमर्यादेत बसवायची असेल, तर मोजणी डोळ्यांनी करू नका. "मराठी" आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या लेखी काना आणि वेलांटी वेगळी धरून ती पाच होतात. जोडाक्षरात हलन्तही वेगळा मोजला जातो. "विद्यार्थ्यांसाठी" हा एकच शब्द असा मोजला तर १७ भरतो, म्हणजे तिसातली निम्म्याहून जास्त जागा. "कळतंय सगळं, आता बोलूया!" सगळं धरून २३ होते. मी नेहमी अशी वाईटात वाईट मोजणी धरूनच लिहिते, म्हणजे ऐनवेळी शेपूट कापलं जात नाही.

आणि ही ओळ रोमनमध्ये लिहू नका, हा माझा आग्रह आहे. `Kaltay sagla` लिहिलं, की ळ चा ल झाला. परदेशात वाढलेल्या मुलांना आधीच ळ अवघड जातो, आणि तुमच्या अ‍ॅपनं स्वतःच पहिल्या ओळीत तो गिळायचा, हे बरोबर नाही. ज्यांना देवनागरी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी शेजारी आवाजाचं चिन्ह ठेवा आणि ती ओळ एखाद्या मुलाच्या आवाजात ऐकवा. खाली इंग्रजी ओळ द्यायचीच असेल तर शब्दांचं भाषांतर न करता घरातला प्रसंग सांगा, जसं `They understand it. Now they'll say it.`

छपाईत दोन गोष्टी सांभाळा. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जुळणी नीट चालू नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकते आणि जोडाक्षरं फुटून हलन्त दिसायला लागतात. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो. म्युनिकमधल्या डिझायनरला ओळ तुटलेली दिसणार नाही, त्याच्यासाठी ती चित्रंच आहेत. म्हणून अंतिम फाइल मराठी वाचणाऱ्या माणसानं पाहिल्याशिवाय जाऊ देऊ नका. दुसरं, मराठी वळणाचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार आहेत, पण मजकुराची भाषा मराठी लावली तरच मराठी आकार येतो. वेबपानावर एवढं पुरतं:

```html
<p lang="mr">कळतंय सगळं, आता बोलूया!</p>
```

"बोलूया" जोडून लिहायचं की "बोलू या" असं सुटं, यावर तुम्हाला कुणी ना कुणी टोकेलच. दोन्ही लिहिलेलं दिसतं. मात्र एकदा ठरवलं की अ‍ॅप, फलक, ईमेल सगळीकडे तेच ठेवा. भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये एकच शब्द दोन प्रकारे दिसला, तर रविवारच्या मराठी शाळेतल्या शिक्षिका सगळ्यात आधी तेच पकडतील, आणि तुमच्या अ‍ॅपची शिफारस करणाऱ्याही त्याच असणार आहेत.

आता पारख. पालकांना चार ओळी दाखवून "कोणती आवडली?" विचारलंत, तर ते सगळ्यात भारदस्त ओळ निवडतील. माझ्या अनुभवात "नाळ"वाली ओळ अशा मतदानात दर वेळी जिंकते. त्यापेक्षा चार पालकांना फोनवर एक ओळ वाचून दाखवा, इतर बोलणं करा, आणि दोन दिवसांनी विचारा, की ती ओळ काय होती. शब्द इकडेतिकडे झाले तरी चालेल, अर्थ परत आला पाहिजे. मग मुलांकडे जा. मुलाला ओळ ऐकवा आणि आईला मागे गप्प बसायला सांगा. मूल ती स्वतःहून पुन्हा म्हणतं का, एवढंच पाहा.

स्टोअरमध्येही चाचणी घेता येते, पण तिची मर्यादा ओळखून. गूगल प्लेवर छोट्या वर्णनाच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवता येतात. अ‍ॅपलकडे अशी चाचणी आयकॉन, स्क्रीनशॉट आणि व्हिडिओची होते, उपशीर्षकाची नाही. म्हणून तिथे ओळ पहिल्या स्क्रीनशॉटवर घालून दोन स्क्रीनशॉटची तुलना करा. सुरुवातीला महिन्याला काही डझन लोकच तुमचं पान उघडत असतील, तर आकड्यांवर विसंबू नका. दोन-चार माणसांच्या फरकानं निकाल उलटा होतो. तोपर्यंत फोनवरची पारखच खरी.

माझ्या भाच्यावर ही पारख मी केली. आई गप्प बसली होती. त्याला ओळ ऐकवली, तर म्हणाला, "कलतंय सगलं." आजी पलीकडून म्हणाली, "कळतंय." तो पुन्हा म्हणाला, "कलतंय." असं चार-पाच वेळा चाललं, दोघंही हसत होती, आणि तो समोरून उठला नाही. तुमच्या ओळीत एक तरी ळ ठेवा.